चैत्रातली शाल

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने केस विरळ झाल्याची, कातडी कोरडी पडल्याची किंवा अंग सुटल्याची तक्रार केली, की आपल्याकडे एक उत्तर तयार असते: पाळी जायचे वय आहे, असे व्हायचेच. सासू हेच सांगते, शेजारीण हेच सांगते आणि घाईत असलेले डॉक्टरही पुष्कळदा हेच सांगतात. हे उत्तर निव्वळ खोटे असते तर त्याचा फारसा उपद्रव झाला नसता. ते बरेचसे खरे आहे, आणि त्यामुळेच ते एकदा दिले गेले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत या उत्तराचे खरे किती आणि अपुरे किती हे मोजण्याचा प्रसंग आला. त्यातून जे कळले ते येथे मांडावे असे वाटते.

आधी त्यातले खरे पाहू. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे मानतात. भारतात हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी घडते, पण बदल त्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होतात. बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन कमी होते, तशी केसाच्या वाढीची मुदत आखूड होते आणि नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक असतो. हा बदल संथ असतो. भांग हळूहळू रुंदावतो, कपाळावरची केसांची रेघ मात्र बहुधा जागच्या जागी राहते. त्वचेचे म्हणाल, तर तिला घट्ट धरणारे कोलॅजेन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे तीस टक्के घटते. वजनाची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकेत स्त्रियांच्या या वयाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, त्यातून असे दिसले की वजनाचा काटा वयाबरोबर सावकाश चढतो आणि पाळी जाते म्हणून त्याला एकाएकी वेग येत नाही. बदलते ती शरीराची वाटणी: स्नायू घटतात, चरबी वाढते आणि ती मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते. तेव्हा साडी तीच असून कंबरेला आखूड पडू लागली, तर ते हार्मोनचे काम म्हणता येईल. वर्षभरात सहा-सात किलो वाढले, तर ते सारे हार्मोनच्या खात्यावर टाकता येत नाही.

कोरड्या कातडीचा दोष आमच्याकडे हवेवरही जातो, आणि तोही निराधार नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच येते; पण नाव कोणतेही असो, अकोल्याचा डोंगरपट्टा सोडला तर बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत आहे. पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेड या बाजूला हवा कोरडी आणि बोअरचे पाणी जड. अशा ठिकाणी टाचांना भेगा पडायला वयाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या वहिनी पाथर्डी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्या वेळी त्यांचे वय एकोणपन्नास होते. दीड वर्षापासून पाळी अनियमित झाली होती, मधूनच अंगातून गरम वाफा निघत. चौदा महिन्यांत वजन एकसष्टवरून अडुसष्टवर गेले, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले, हातापायांची कातडी खरखरीत झाली. हे सगळे ठरलेल्या उत्तरात बसण्यासारखे होते, आणि घरातल्या सगळ्यांनी ते बसवूनही टाकले होते. एक गोष्ट मात्र बसत नव्हती. चैत्र संपत आला होता, पारा चाळिशीला टेकला होता, आणि वहिनी संध्याकाळी ओट्यावर शाल पांघरून बसत.

थंडी हे पाळी जाण्याचे लक्षण नव्हे. त्या वयाची बाई पंखा वाढवायला सांगते, शाल मागत नाही. उन्हाळ्यात थंडी वाजणे, घाम न येणे, शौचाला साफ न होणे, आवाज घोगरा होणे, भुवयांचे बाहेरचे टोक विरळ होणे, ही लक्षणे एकत्र आली की ती गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडे बोट दाखवतात. वहिनींचा आवाज बसला होता, पण तो वर्गात ओरडून बसला असे सगळे समजत होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ती मिनिटाला छपन्न भरली.

या दोन गोष्टींची गल्लत फार जुनी आहे. १८७३ साली विल्यम गल या लंडनच्या वैद्याने थायरॉइड मंदावलेल्या प्रौढ स्त्रियांचे पहिले नेमके वर्णन केले, तेव्हा कारण त्यालाही ठाऊक नव्हते. त्याने वर्णिलेल्या एका बाईचा सुस्तपणा आणि अंगाचा फुगारा पाळी थांबल्यानंतरच सुरू झाला होता. १८९१ साली जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क सेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. म्हणजे जे वयाचे भोग वाटत होते ते एका ग्रंथीच्या रसाने भरून निघाले.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक धागा होता. पाळी अनियमित होती, पण आली की आठ-आठ दिवस जाई आणि अंगावरून फार जाई. थायरॉइड मंदावल्यावरही रक्तस्राव वाढतो. रक्त जाते तसे लोह जाते, आणि लोहाचा साठा आटला की केस गळतात. अशा वेळी हिमोग्लोबिन बऱ्यापैकी असू शकते, कारण शरीर आधी साठ्यातले लोह वापरते. म्हणून साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी वेगळी करावी लागते.

नेमक्या याच टप्प्यावर आमच्या भागात आणखी एक सल्ला मिळतो: पिशवी काढून टाका. वहिनींनाही तो दोघींनी दिला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून दर हंगामात टोळ्या ऊसतोडीला जातात, आणि त्या बायकांत हा सल्ला किती सहज अमलात येतो हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पिशवी काढली की पाळी लगेच थांबते, पण बीजकोश ठेवले असतील तर हार्मोन थांबत नाहीत. ते पुढे काही वर्षे चालतात, आणि बहुधा नेहमीच्या वयाआधी मंदावतात. बीजकोशही काढले असतील तर सारे एका दिवसात घडते. अशा बाईला हार्मोन केव्हा उतरले हे पाळीवरून कधीच कळत नाही, आणि रक्तस्रावाचे मूळ थायरॉइडमध्ये असेल तर ते तसेच राहते.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलेला एक प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. केसांसाठी काही गोळ्या घेता का? वहिनी घेत होत्या. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, बायोटिनच्या. बायोटिन मोठ्या मात्रेत पोटात असले तर काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडचे हार्मोन खोटे जास्त दिसते. म्हणजे केस गळतात म्हणून घेतलेली गोळी केस गळण्याचे कारणच अहवालातून पुसून टाकू शकते. गोळ्या थांबवून तिसऱ्या दिवशी रक्त द्यायला सांगितले गेले. एफएसएच मात्र केले नाही: पंचेचाळिशीनंतर लक्षणे स्पष्ट असताना त्याची सहसा गरज नसते, शिवाय या काळात ते महिन्यागणिक बदलते.

टीएसएच एकतीस आले. साधारण चारपर्यंत ते ठीक मानतात. मुक्त टी-फोर कमी होते. आकडा पाच-सातच्या घरात असता तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले असते. एकतीसला आणि कमी टी-फोरला थांबण्याचे कारण नव्हते. हिमोग्लोबिन ११.४, पण फेरिटिन नऊ, म्हणजे साठा जवळजवळ रिकामा. साखर तपासली, ती ठीक होती. रक्तस्रावासाठी सोनोग्राफी झाली आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा नमुनाही तपासला. त्यात काही निघाले नाही.

थायरॉक्सिनची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. ती पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची गोळी दुपारी, कारण लोह किंवा कॅल्शियम चार तासांच्या आत घेतले तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. आठ आठवड्यांनी टीएसएच अकरावर आले, मात्रा पंचाहत्तर केली, आणि पुढच्या खेपेला ते ३.२ भरले.

आता हिशेब. शाल दुसऱ्या महिन्यात घडीत गेली. आवाज सुटला, रक्तस्राव आवरला. वजन आठ महिन्यांत तीन किलो उतरले, सात नव्हे. थायरॉइडमुळे वाढलेल्या वजनात बराच भाग पाणी आणि क्षार यांचा असतो, तेवढाच जातो. फणीतले पुंजके थांबायला पाच महिने लागले, कारण गळणारा केस दोन-तीन महिने आधीच विश्रांतीला गेलेला असतो. भांग मात्र रुंदच राहिला, पोटाचा घेर फारसा हटला नाही आणि गरम वाफा अजून येतात. एवढा वाटा हार्मोनचा होता. त्यावर वेगळे उपाय आहेत, पण तो वाटा किती हे बाकीचे वजा केल्याशिवाय दिसले नसते.

सगळ्यांचीच गोष्ट अशी नसते. तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळाले तर ते आपोआप थांबण्याची शक्यता असते. कपाळावरची रेघच मागे सरकत असेल आणि भुवया जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावे, कारण त्या विकारात मुळे कायमची जातात. आवाज जाड होऊन हनुवटीवर झपाट्याने केस आले तर टेस्टोस्टेरॉन तपासावे लागते. आणि पाळी गेल्याला वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते थोडे असले तरी तपासलेच पाहिजे.

वहिनींच्या शाळेत त्यांच्याच वयाच्या आणखी तिघी शिक्षिका आहेत. त्यांपैकी एकीने परवा केसांची तक्रार केली, तेव्हा वहिनींनी तिला वय विचारले नाही. तुला थंडी वाजते का, आणि अंगावरून किती जाते, एवढेच विचारले.