तीन खाने, एक बेरीज नको

कुंभकोणमपासून सुमारे दहा किलोमीटरवर नाच्चियारकोइल आहे. तिथे पितळेचे कुत्तुविळक्कु, म्हणजे आपल्या समया, ओततात आणि या समयांना भौगोलिक मानांकनही आहे. अशा छोट्या कारखान्यांकडून माल घेणाऱ्यासाठी पुरवठादारांचं गुणपत्रक मांडायचं हे माझं काम. वेळ, दर्जा आणि प्रतिसाद अशी तीन मोजमापं त्यात असतात आणि दर तिमाहीला ती तपासली जातात. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे: तिन्ही आकड्यांची बेरीज करून एकच गुण काढला, की पत्रक उपयोगाचं राहत नाही. समजा वेळेला ४०, दर्जाला ४० आणि प्रतिसादाला २० टक्के भार दिला. एका कारखान्याला शंभरपैकी ९५, ६० आणि ९० गुण मिळाले, दुसऱ्याला ७०, ९० आणि ८०. दोघांची बेरीज ८०च भरते. पण पहिल्याच्या समया वेळेवर येऊन गळतात, तर दुसऱ्याच्या उशिरा येतात आणि पिढ्यान् पिढ्या टिकतात. दोघांना एकच सूचना देऊन कसं चालेल? म्हणून प्रत्येक खान्याची किमान पातळी मी वेगळी ठेवतो. दर्जात कमी पडलेल्याला वेळेचे गुण तारू शकत नाहीत.

दर्जाचा खाना नजरेच्या अंदाजाने भरू नये. समईची बैठक, खांब, तेलाचं तबक आणि वरचा हंस हे भाग वेगवेगळे ओततात, लेथवर घासतात आणि आट्यांनी एकमेकांत बसवतात. त्यामुळे दोष कुठे सापडणार ते ठरलेलं असतं. तबकात तेल भरून समई रात्रभर कागदावर ठेवायची. सकाळी खाली डाग दिसला, तर ओतकामात बारीक छिद्रं राहिली आहेत. सपाट फरशीवर उभी करून हलकेच ढकलायची. डुगडुगली, तर बैठक सम नाही किंवा आटे सैल आहेत. पॉलिशने छिद्र तात्पुरतं बुजतं, म्हणून चकाकीला माझ्या पत्रकात गुण नाहीत.

वेळेचा खाना यापेक्षा फसवा आहे. कावेरीकाठच्या मातीचा साचा ओला राहिला, तर तापलेल्या धातूने त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ओतकाम सच्छिद्र होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला ईशान्य मोसमी पावसाचा काळ. साचे वाळत नाहीत आणि नेमकी तेव्हाच दिवाळी व कार्तिगै दीपमची मागणी असते. आता त्या तिमाहीत आठ खेपांपैकी पाच वेळेवर आल्या आणि पुढच्या तिमाहीत सात, असं धरा. साडेबासष्ट टक्क्यांवरून साडेसत्त्याऐंशी टक्के ही सुधारणा वाटते, पण त्यातला मोठा वाटा उन्हाचा असू शकतो. गेल्या वर्षीच्या याच पावसाळी तिमाहीत चारच वेळेवर आल्या असतील, तर ५० वरून साडेबासष्ट ही तुलना खरी. शिवाय आठच खेपा असल्या, की एका खेपेने साडेबारा टक्के हलतात. म्हणून तिमाही बैठकीत बोलायचं, पण कुणाचं काम कमी करायचं असेल तर मागच्या चार तिमाह्या एकत्र पाहायच्या.

प्रतिसाद म्हणजे फोन किती लवकर उचलला, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. भट्टीसमोर उभ्या माणसाने फोन उचलू नये हेच बरं. मी दोनच गोष्टी मोजतो: उशीर होणार हे ठरलेल्या तारखेच्या किती दिवस आधी कळवलं, आणि परत केलेली समई किती दिवसांत दुरुस्त होऊन आली. चार दिवस आधी कळलेल्या उशिरावर काही तोड काढता येते. माल येण्याच्या दिवशी कळलेल्यावर नाही.

यावर आक्षेप असा, की चार-पाच माणसांच्या कारागिरीला कारखान्याची फूटपट्टी लावणं हा अन्याय आहे. पट्टी फक्त त्यांनाच लावली तर आहेच. म्हणून पत्रकाच्या मागच्या बाजूला खरेदीदाराच्या तारखा लिहायच्या: नक्षी केव्हा कायम केली, आगाऊ रक्कम केव्हा दिली, मध्येच उंची बदलली का. बदल आपला असेल, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजायची. दुसरा आक्षेप, एक आकडा नसेल तर ऑर्डर कशी वाटायची? किमान पातळीखालचे आधी बाजूला काढा. उरलेल्यांत ज्या मालाला जी गरज, तो खाना पाहा. सणाच्या तारखेला बांधलेला माल वेळ पाळणाऱ्याकडे द्या, देवळातली कायमची समई दर्जा राखणाऱ्याकडे.

आणि तिमाही पत्रक पाठवण्याआधी स्वतःची देणी तपासा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लघुउत्पादकाशी लेखी करार असला, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत.