भाऊ आणि माऊ

स्मरणिकेसाठी जुनी कपाटे उपसताना सुंदर हस्ताक्षर वर्गाचे दोन पिवळट कागद हाती आले आणि आम्हां वसतिगृहवासीयांना एक पोस्टकार्ड आठवले.

दर रविवारी घरी पत्र लिहावे, असा तळेगावच्या आमच्या वसतिगृहाचा दंडक होता. आमच्यातल्या एकाची आई प्रौढ साक्षरता वर्गात नुकतीच वाचू लागली होती. पालकभेटीच्या दिवशी तिने लेकाला विचारले, "अरे, हे माऊ कोण? दर पत्रात त्याची चौकशी करतोस." त्याने लिहिले होते, 'भाऊ बरा आहे का?' आम्ही पोट धरून हसलो. तो मात्र हसला नाही.

त्याच सुट्टीत सरांनी एकवीस दिवसांचा वर्ग घेतला, रोज चाळीस मिनिटांचा. पहिल्या दिवशी सर्वांकडून एकच उतारा लिहवून घेतला, त्यावर तारीख घातली आणि कागद कपाटात ठेवले. तत्पूर्वी त्यांनी प्रत्येक कागद उलटून पाठीवरून बोट फिरवले. उठावाचे वळ लागले की म्हणत, "पेन गळा दाबून धरलंय." मग टोकापासून बोटभर वर, अंगठा आणि तर्जनीने धरून मधल्या बोटावर टेकवायचे. पहिले चार दिवस एकही अक्षर नव्हते. दुरेघी वहीत उभ्या रेघा, अर्धगोल आणि गाठी. नंतर वळणाने सख्खी अक्षरे एकत्र आली: व, ब, क, ग, म, भ, न.

खरी मेख शिरोरेषेत होती. आम्ही प्रत्येक अक्षरावर लगेच रेघ ओढत असू. सर म्हणाले, आधी शब्द पुरा करा, मग रेघ द्या. पण 'भ' आणि 'ध' आले की हात उचला. त्यांच्या डोक्यावरची फट बुजली, की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. माऊ जन्मला तो त्या बुजलेल्या फटीतून!

दुसऱ्या आठवड्यात वेग मंदावला. पहिल्या दिवशी मिनिटाला चौदा शब्द लिहिणारा आमचा हा मित्र नऊवर आला आणि रडकुंडीस आला. सरांना हे अपेक्षितच होते. जुने वळण मोडून नवे हाताला बसेपर्यंत असेच होते. अखेरीस तो तेरावर पोहोचला. एकविसाव्या दिवशी तोच उतारा पुन्हा लिहिला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. दुसऱ्याची पाठ गुळगुळीत होती.

तरी सहामाहीत, तिसऱ्या तासाला, घाईत जुने अक्षर परतलेच. म्हणून सरांनी पुढे रोज एक पान घड्याळ लावून लिहायला लावले.

पुढच्या पालकभेटीला ती माउली पोस्टकार्ड घेऊन आली आणि ओळीखाली बोट धरून आमच्यासमोर मोठ्याने वाचू लागली. 'भाऊ' सरळ वाचला. फक्त 'प्रकृती'पाशी अडखळली.