शर्यत संपल्यावर

आमचे सर शर्यत बघत नाहीत, असं म्हटलं तर लोकांना चेष्टा वाटते. पण ते खरं आहे. पोरं शेवटच्या वळणावर येतात, शाळा ओरडायला लागते, आणि सर रेषेपासून दहा पावलं पुढं जाऊन उभे राहतात. पहिला कोण आला हे पंचांनी बघावं. सरांना बघायचं असतं ते रेषा ओलांडल्यानंतरचं. कोण आडवं पडतं, कोण कमरेवर हात ठेवून वाकतं, कोणाच्या ओठांना रंग नाही, आणि कोण चालत राहतं.

सर पतियाळाहून ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षणाचा डिप्लोमा घेऊन आलेले. सारी नोकरी नाशकात झाली. निवृत्तीनंतर गुडघा कुरकुरतो, तरी हिवाळा लागला की त्र्यंबक, हरसूल, पेठच्या बाजूला एसटीनं जातात. कधीमधी मी सोबत असतो. सर डोंगरात काय शोधतात, असं आता कोणी विचारत नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली, त्या वर्षापासून प्रश्न मिटला. नाशकात विजेंद्र सिंग यांनी घडवलेल्या धावपटूंमधलं हे सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘अनवाणी’ हा शब्द फार प्रेमानं छापला होता. सरांना तो शब्द आवडत नाही. का, ते पुढं येईल.

एका डिसेंबरात त्या भागातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय स्पर्धा होत्या. मैदान म्हणजे शाळेमागचा माळ. गवत वाळलेलं, कडेला भाताची खाचरं, कापणीनंतरची धसकटं उभी. शंभर आणि दोनशे मीटरच्या पलीकडं काही ठेवायची पद्धत नव्हती. सरांनी हट्टानं मुलींची ६०० मीटर घालायला लावली आणि सकाळीच ट्रॅक आखायला घेतला.

ट्रॅक आखताना त्यांना बघणं हा माझा आवडता भाग. पन्नास मीटरच्या दोन सरळ बाजू, दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं, मिळून २०० मीटरचा फेरा. अर्धवर्तुळाच्या मध्यावर खुंटी ठोकायची, तिला बांधणीची बारीक तार बांधायची, तारेच्या टोकाला काठी. नायलॉनची दोरी ते वापरत नाहीत, ती ताणते. तारेची लांबी १५ मीटर ७२ सेंटिमीटर. शाळेचे गुरुजी म्हणाले, “सर, सोळा धरू या ना, सोपं पडेल.” सरांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. धावणारा रेषेवरून नाही, तिच्या वीस सेंटिमीटर बाहेरून धावतो, म्हणून अंतर तिथं मोजायचं असतं. तार सोळाची केली तर दर फेऱ्याला पावणेदोन मीटर वाढतात, तीन फेऱ्यांत पाच मीटरच्या वर. म्हणजे एक सेकंदाहून जास्त. “पोरीचा एक सेकंद मी फुकट घालवला, तर वर्षभर चुकीच्या आकड्याशी बोलत बसेन,” असं म्हणून त्यांनी तार पुन्हा मोजली. ट्रॅक नसलेल्या गावात ट्रॅक असा असतो, घमेलंभर फक्कीचा. दुपारी त्यावरून गुरं गेली की संपला.

मुली अनवाणीच होत्या. शिट्टी झाली आणि अपेक्षेप्रमाणे सगळ्या सुसाट सुटल्या. ज्यांना लांब पळायची सवय नाही, त्यांची शर्यत पहिल्याच फेऱ्यात होऊन जाते. पुढचे दोन फेरे फक्त भरायचे. जिंकलेल्या मुलीचे फेरे सरांच्या वहीत असे उतरले: ३७, ४५, ४८ सेकंद. तिसरी आलेली सातवीतली एक मुलगी: ४५, ४४, ४३. दोघींत शेवटी दोन सेकंदांचं अंतर. टाळ्या पहिलीला मिळाल्या, त्या तिच्या हक्काच्याच होत्या. पण प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा एकेक सेकंद कमी, तेही घड्याळ ठाऊक नसलेल्या पोरीकडून, हे सरांनी दोनदा वाचलं.

तोवर ती पोरगी रेषेपलीकडं थांबलीही नव्हती. चालत कडेला गेली आणि तिथं रडणाऱ्या धाकट्या भावाला उचलून तिनं कमरेवर घेतलं. सर तिच्यामागून गेले, मनगट धरलं. दहा सेकंदांत ३१ ठोके. एक मिनिट थांबून पुन्हा मोजले, २२. म्हणजे मिनिटाला १८६ वरून १३२, आणि तेही कडेवर पोर घेऊन. “भावाला खाली ठेव की,” मी म्हणालो. “रडंल,” ती म्हणाली.

इथं एखाद्या सिनेमात संगीत वाजलं असतं. सर मात्र संशयात पडले. एकसारखे फेरे येण्याचं दुसरं, साधं कारण असू शकतं: पोरगी जीव तोडून धावलीच नसेल. ठोक्यांचं उतरणंही एकट्यानं काही सिद्ध करत नाही. शिवाय तेराव्या वर्षीची शर्यत फसवी. या वयात जी आधी वयात आली ती उंच, ताकदवान, म्हणून जिंकते, आणि पुष्कळदा तीच सोळाव्या वर्षी मागं पडते, कारण तिची वाढ होऊन गेलेली असते. त्यामुळं सरांनी तीन गोष्टी विचारल्या. दाखल्यावरची जन्मतारीख, आईची उंची, आणि आशाताईंच्या मार्फत, पोरीला पाळी आली आहे का. आली नव्हती. त्या उत्तरानं ते खुलले. जिंकलेल्या मुलीला वाढीचा पुढचा हप्ता आधीच मिळाला होता, हिचा अजून यायचा होता.

आठवड्यानं परत जाऊन त्यांनी तिला एकटीला पळवलं, आणि सांगितलं, शेवटचा फेरा असा पळ की भावाला बैलानं शिंगावर घेतलंय. फेरा ३८ सेकंदांत आला. ती आतापर्यंत राखून धावत होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

त्यानंतर सरांनी तिला ना पळवलं, ना बूट दिले. ग्रामीण रुग्णालयात नेऊन तिचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. या वयाच्या मुलीला किमान १२ हवं. सिकलसेलचीही तपासणी करून घेतली, आदिवासी पट्ट्यात ती टाळायची नसते, कारण ज्याच्या रक्तात तो दोष आहे त्याला जोराचा सराव घातक ठरू शकतो. तो दोष नाही निघाला. राहिला कमी रक्ताचा प्रश्न. डॉक्टरांनी जेवणातली कमतरता सांगितलीच, पण बोट ठेवलं ते पायांवर. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर मातीतून थेट पायाच्या कातडीतून शिरतात, आतड्याला चिकटतात आणि थेंबाथेंबानं रक्त पितात. धावण्यासाठी जे पाय लोकांना कौतुकाचे वाटतात, त्याच पायांतून तिची ताकद बाहेर चालली होती. ‘अनवाणी’ शब्दावर सर का चिडतात, ते मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळलं.

म्हणून पहिली खरेदी झाली ती रबरी चपलांची. रानात, शेतात, परसाकडं जाताना चपला घालायच्या. धावताना काढायच्या. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटतं. जंतनाशक गोळी, लोहाच्या गोळ्या, त्या लिंबासोबत घ्यायच्या, चहासोबत नाही, चहा लोह शरीरात नीट जाऊ देत नाही. तीन महिन्यांनी रक्त ११.६ झालं. त्या काळात सरांनी सराव जवळजवळ घेतला नव्हता, तरी ६०० मीटरमधले आठ सेकंद कमी झाले.

आता बूट. नाशकातल्या एका भल्या गृहस्थांनी लगेच महागडा जोड पाठवला, टाचेखाली जाड गादी असलेला. सरांनी तो कपाटात ठेवला. जन्मभर अनवाणी चाललेल्या पायाचा चवडा रुंद असतो, बोटं पसरलेली असतात. लांबीवरून घेतलेल्या मापात ती चेंगरतात. दुसरं कारण खोल आहे. २०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवलं की सवयीनं अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर किंवा सपाट पाऊल टाकतात, आणि जाड टाचेच्या बुटात धावणारे बहुधा टाच आधी आपटतात. त्या आपटण्याचा धक्का वर नडगीपर्यंत जातो. पोरीची चाल पोटरीनं धक्का झेलायची होती. एका रात्रीत गादी दिली असती तर ती चाल मोडली असती. पण डांबरी रस्त्यावर, पुढं स्पर्धांच्या ट्रॅकवर, बुटाशिवाय भागणारही नव्हतं. सरांनी पातळ तळाचा, रुंद, मुलांच्या मापाचा जोड शोधला. आधी दिवसाला दहा मिनिटं, तेही चालायला. उरलेलं धावणं माळावर, उघड्या पायानं.

तरी नडगी दुखलीच. तेव्हा सरांनी एका बोटानं तिची नडगी आतल्या कडेनं वरपासून खालपर्यंत दाबली. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर हाडावरचं आवरण सुजलंय, दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीनं उतरतं. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ येत असेल आणि त्या पायावर एक उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, मग पळणं बंद आणि फोटो काढायचा. तिचं पसरलेलं होतं. तिला उडी मारता आली, आणि ती हसलीही.

एवढं सगळं जमलं, तरी जमलं असं नव्हे. सरांची जुनी वही मी चाळली आहे. नावं, फेरे, ठोके, आणि पुढं शेवटच्या रकान्यात कुठं कुठं एकच शब्द: ‘लग्न’. त्याहून जास्त वेळा ‘द्राक्ष’. या पाड्यांवरची माणसं भात-नागली उरकली की दिंडोरी, निफाडच्या बागांत मजुरीला जातात, मुलंबाळं घेऊन. संक्रांतीनंतर ज्या मुलीचा फेरा लिहायचा तीच गावात नसते. या मुलीचीही आई म्हणाली, “सायेब, पळून काय मिळंल ते तुम्ही सांगाल. बागंत काय मिळतं ते मला ठावं हाय.” सर तिच्याशी वाद घालायला बसले नाहीत. मुलीला आश्रमशाळेच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली आणि भावाला गावातल्या आजीकडं ठेवायचं ठरवून घेतलं. मला विचाराल तर या गोष्टीतली सगळ्यात अवघड शर्यत हीच होती, आणि ती सरांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून धावली.

ती मुलगी आता सतरा वर्षांखालच्या गटात तीन हजार मीटर धावते. जिल्ह्यातून निवडली गेली, राज्यस्पर्धेत पदक आलेलं नाही. सर म्हणतात, घाई नाही.

वाचकांपैकी कोणाला अशा पाड्यावर काही पाठवायची इच्छा झाली, तर आधी तिथल्या गुरुजींना फोन करा. बूट पाठवायचेच असतील तर पायाचा ठसा कागदावर काढून मागवा, लांबीचा आकडा पुरत नाही. आणि त्याच खोक्यात रबरी चपलांचे दहा जोड घाला. पळणाऱ्या पोरीला एक, उरलेले तिच्या वर्गाला.