शब्दांची उधारी आणि वाढती मुदत

आमच्या देवळीहून वर्ध्याकडे आणि तेथून पुढे पवनारला निघाले, की धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. विनोबांच्याच प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ संकलित केला आणि १९७४ साली दिल्लीच्या संगीतीत त्याला मान्यता मिळाली. त्यात ७५६ प्राकृत गाथा आहेत. गाथेखाली संस्कृत छाया असते, अर्थही असतो. पण अर्थ वाचणे वेगळे आणि गाथेतल्या शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ सांगणे वेगळे. मला दुसरे हवे होते, आणि ते माझ्याहीपेक्षा माझ्या आईला हवे होते.

आईचे वय चौऱ्याऐंशी. तिला प्रतिक्रमणाचे पाठ लहानपणापासून मुखोद्गत आहेत. “पाठ आहे रे, पण मधलाच एखादा शब्द काढून विचारलास तर मी गप्प,” असे ती म्हणते. यात तिच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. पाठांतरात प्रत्येक शब्द मागच्या शब्दाचे बोट धरून येतो. ओळीबाहेर काढला की त्याचा आधार सुटतो. म्हणून अर्थासह शब्द शिकायचा तर तो एकटा विचारला गेला पाहिजे, आणि दर वेळी क्रम मोडून. तिची नजर आता मंदावली आहे. जे शिकायचे ते माझ्या वाचण्यातून आणि लवकर, एवढे उघड होते.

त्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन त्याचे पाच कप्पे केले. ही युक्ती जर्मन भाषेत लिहिणाऱ्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली आपल्या पुस्तकातून लोकांपुढे आणली. चिठ्ठीच्या एका बाजूस प्राकृत शब्द, दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. अर्थ बरोबर सांगितला की ती पुढच्या कप्प्यात सरकते, चुकला की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परतते. कप्प्यांची मुदत आम्ही अशी ठरवली: १ दिवस, ३ दिवस, ८ दिवस, २० दिवस आणि ५० दिवस.

दुकानदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या गिऱ्हाइकाने पहिली उधारी आठवड्यात फेडली त्याला पुढे पंधरवड्याची मुदत मिळते, मग महिन्याची, मग कापूस विकेपर्यंतची. एकदा चुकला की पुन्हा रोखीवर. मात्र शब्दाच्या बाबतीत मुदत वाढवण्याचे कारण केवळ विश्वास नव्हे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेळात विसरतात हे त्यांनी मोजले. विसरणे प्रारंभी फार वेगाने होते आणि पुढे मंदावते, असे त्यांना आढळले. शब्द निसटण्याच्या बेतात असताना प्रयत्नाने आठवला, की त्यानंतर तो अधिक सावकाश विसरला जातो. रोज विचारलेला शब्द सहज येतो, म्हणूनच त्या विचारण्याने फारसे काही पक्के होत नाही.

एका शब्दाची वाटचाल पाहू. ‘थेर’ म्हणजे स्थविर, वयाने वा दीक्षेने वृद्ध साधू. आपल्या ‘थेरडा’ या काहीशा तुच्छतेच्या शब्दाचा हा मान्यवर पूर्वज आहे, हे ऐकून आई बराच वेळ हसत होती. १ जुलैला चिठ्ठी खोक्यात पडली. २ जुलैला विचारली, बरोबर. ५ जुलैला बरोबर. १३ जुलैला थोडे थांबून बरोबर. मग २ ऑगस्टला आणि शेवटी २१ सप्टेंबरला. ब्याऐंशी दिवसांत अवघे पाच वेळा विचारणे. २ ऑगस्टला ती चुकली असती, तर ३ ऑगस्टपासून पुन्हा पहिल्या पायरीवर आली असती.

आता रोजच्या कामाचा हिशेब. रोज सहा नवे शब्द घेतले आणि एकही चूक झाली नाही, तर सगळे कप्पे भरल्यावर रोज सहा गुणिले पाच, म्हणजे तीस चिठ्ठ्या विचाराव्या लागतात. दहापैकी एक उत्तर चुकत असेल, तर एका शब्दाला सरासरी सात वेळा विचारावे लागते आणि रोजचे काम बेचाळीसवर जाते. दहापैकी तीन चुकू लागली, तर तेच काम जवळजवळ शंभर चिठ्ठ्यांवर जाते. म्हणजे चुकांचे प्रमाण तिप्पट आणि श्रम दुपटीहून अधिक. शंभराचा ढीग दिसू लागला, की एक तर मुदती फार लांब आहेत किंवा नवे शब्द न समजताच आत टाकले जात आहेत, असे ओळखावे. शब्द आधी गाथेत भेटलेला, समजलेला असावा. खोका शिकवत नाही, तो फक्त टिकवतो.

काही चिठ्ठ्या मात्र कितीही वेळा विचारल्या तरी पहिल्या कप्प्यातच घुटमळतात. त्या चिठ्ठ्यांमध्येच काही खोट असते. ‘सत्त’ म्हणजे सात आणि ‘सत्त’ म्हणजे प्राणीही. ‘अट्ठ’ म्हणजे आठ आणि अर्थ किंवा प्रयोजनही. ‘अज्ज’ म्हणजे आज आणि आर्यही. एका चिठ्ठीवर दोन अर्थ असले, की आठवलेला अर्थ खरा असूनही उत्तर चूक ठरते. आम्ही अशा चिठ्ठ्या फाडून प्रत्येकीच्या दोन केल्या. संख्येच्या चिठ्ठीवर ‘छ, सत्त, अट्ठ’ असे शेजारी लिहिले. दुसरीवर ‘जीव’ हा सोबती दिला. त्या आठवड्यातच त्या मार्गी लागल्या.

उत्तर मोठ्याने सांगितल्यावाचून चिठ्ठी उलटायची नाही, हा नियम आईने लावला. उलटून पाहिले की प्रत्येकाला ‘हे तर मला येतच होते’ असे वाटते; पण ती ओळख असते, आठवण नव्हे. आम्हाला गाथा वाचायच्या आहेत, म्हणून प्राकृतावरून मराठी एवढेच विचारतो. ज्यांना भाषा बोलायची असेल, त्यांनी उलट दिशेची चिठ्ठी वेगळी करावी. एका दिशेचे यश दुसऱ्या दिशेला आपोआप लाभत नाही.

कापसाच्या हंगामात दुकान रात्रीपर्यंत चालते आणि मुदत उलटलेल्या चिठ्ठ्या साचतात. त्या दिवसांत नवे शब्द पूर्ण बंद करायचे आणि जुन्यांपैकी रोज चाळीसच घ्यायच्या. त्यात एक लाभही असतो: वीस दिवसांची चिठ्ठी पस्तिसाव्या दिवशी विचारूनही बरोबर आली, तर तिने ठरल्याहून अधिक अंतर पार केलेले असते. संगणकावरील Anki असा विलंब हिशेबात धरून प्रत्येक शब्दाची मुदत स्वतंत्र मोजते. आमच्या खोक्याला ते जमत नाही. पण आईला पडदा दिसत नाही आणि हातातली चिठ्ठी चाचपता येते, म्हणून खोकाच बरा.

आमच्या यादीत बाराशे शब्द आहेत. रोज सहाप्रमाणे दोनशे दिवसांचा नवा माल. पाचवा कप्पा पार केलेल्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात जातात. पर्युषणाच्या आधी त्या डब्यातून न पाहता पन्नास काढायच्या, आणि ज्या चुकतील त्या पुन्हा पहिल्या कप्प्यात टाकायच्या.