बेअरिंग गेलं, दोष पाण्याचा

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो. वर्षातले बरेच महिने सोसायटीत टँकर येतो आणि ते पाणी जड असतं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं भांडण या पाण्यावरूनच झालं.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन आम्ही जून 2022 मध्ये घेतलं, 34,500 रुपयांना. पूर्ण मशीनला दोन वर्षांची वॉरंटी, मोटरला दहा वर्षांची. 2023 च्या ऑगस्टमध्ये ते स्पिनला लागलं की विमान उडाल्यासारखा आवाज येऊ लागला. कपडे धुताना, म्हणजे ड्रम सावकाश फिरताना, काहीच वाटायचं नाही. वेग वाढला की घरघर सुरू. मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने फिरवला तर खरखर बोटांना जाणवायची. ड्रमची पुढची कड धरून वर-खाली हलवली तर ती हलायची. आतल्या रबरामुळे ड्रम आणि दाराची चौकट यांच्यात थोडी ढिलाई असतेच. पण ड्रम टबाच्या तुलनेत वेगळा खडखडतो, तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं. मशीन पुढे ओढून मागे टॉर्च मारला, तर टबाच्या मध्यातून खाली तांबूस ओघळ आलेला होता. बेअरिंगच्या आत पाणी शिरू नये म्हणून रबरी सील असतं. ते गळलं की साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गंज चढतो. तो गंजच ओघळाच्या रूपाने बाहेर दिसतो.

कंपनीचा टेक्निशियन आला. पोरगा चांगला होता, पण घाईत. त्याने ड्रम फिरवून पाहिला, नळाखाली बोट फिरवलं आणि जॉब शीटवर लिहिलं: ‘हार्ड वॉटर, वॉरंटीबाहेर’. मशीनचा टब चिकटवून बंद केलेला असतो, बेअरिंग सुटं बदलता येत नाही, पूर्ण टब असेंब्लीच बदलावी लागेल, असं त्याने सांगितलं. खर्च अकरा हजारांच्या पुढे. मग म्हणाला, “मॅडम, मोबाइलवर ओटीपी आलाय तो द्या, म्हणजे कॉल बंद करतो.” मी म्हटलं, दुरुस्ती झालेली नाही तर कॉल बंद कसा होईल? ओटीपी दिला नाही. जॉब शीटचा फोटो मात्र काढून घेतला, आणि माझ्या सहीच्या जागी ‘हे कारण मान्य नाही’ असं लिहून खाली सही केली.

दुकानात गेले तर मालक अगदी गोड बोलले. “आमचं काम विकण्यापुरतं मॅडम, वॉरंटी कंपनीची. आणि मोटरला दहा वर्षं आहेतच की!” मोटर ठणठणीत होती. दहा वर्षांचा तो स्टिकर मशीनच्या पुढच्या अंगावर ठळक चिकटवलेला असतो आणि लोकांना वाटतं, फिरणारं सगळं त्यात आलं. बेअरिंग, सील, टब त्यात येत नाहीत. ते दोन वर्षांच्या वॉरंटीत येतात. आमची दोन वर्षं संपायला अजून बरेच महिने होते.

मग मी पत्र लिहायला बसले. फोनवरच्या तक्रारीचा एक नंबर मिळतो, पण आपण काय बोललो ते त्यांच्याकडे त्यांच्या शब्दांत नोंदलं जातं. पत्र एकच लिहिलं आणि दोघांच्या नावे पाठवलं. पैसे दुकानाने घेतले, बिल दुकानाचं. वॉरंटीचं वचन कंपनीचं. एकालाच लिहिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंपनीचा पत्ता वॉरंटी कार्डावर होता. मॉडेल आणि सीरियल नंबर दाराच्या आतल्या बाजूच्या पट्टीवरून उतरवून घेतले.

पहिल्या मसुद्यात मनस्ताप, फसवणूक, विश्वासघात असं बरंच आलं होतं. ते सगळं खोडलं. मनस्तापाला उत्तर देणं कंपनीला सोपं जातं: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’. पत्राचा गाभा असा राहिला:

‘आपल्या टेक्निशियनने बिघाडाचं कारण हार्ड वॉटर असं नोंदवलं आहे. पाण्यातल्या क्षारांचा थर हीटरवर बसतो हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी आपल्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी डिस्केलिंग करते; पावडरीची बिलं सोबत जोडली आहेत. परंतु हीटर चालू आहे, पाणी तापतं. बिघाड ड्रमच्या बेअरिंगचा आहे. टबामागे गंजाचा ओघळ आहे, त्याचा फोटो सोबत आहे. म्हणजे पाणी सीलमधून गळून बेअरिंगपर्यंत गेलं आहे. सील क्षारांमुळेच खराब झालं असं आपलं म्हणणं असेल, तर मशीन माझ्यासमोर उघडून ते दाखवावं, आणि वॉरंटी कार्डावरील कोणत्या अटीनुसार दुरुस्ती नाकारली ते लेखी कळवावं.’

त्याखाली मागणी, उतरत्या क्रमाने नव्हे तर चढत्या. आधी टब असेंब्ली विनामूल्य बदलावी. भाग मिळत नसेल तर त्याच क्षमतेचं नवं मशीन द्यावं. तेही शक्य नसेल तर बिलाची रक्कम परत करावी. मुदत पंधरा दिवस. शेवटी एक वाक्य: उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. ही पोकळ धमकी नव्हती. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट आणि फोटो यांच्या प्रती जोडल्या, मूळ कागद घरीच ठेवले. पत्र पोचपावती घेऊन पोस्टाने पाठवलं आणि तेच कंपनीच्या ईमेलवरही. दुकानाची प्रत हातात दिली आणि माझ्या प्रतीवर त्यांचा शिक्का मागितला. मालकांचं गोड बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं, पण शिक्का दिला.

मुदत संपण्याआधी कंपनीतून फोन आला. या वेळी आलेले गृहस्थ वयाने मोठे होते आणि त्यांनी काम नीट केलं. टब बाहेर काढला, तो बदलायचाच असल्याने चिकटवलेला जोड कापून उघडला आणि ड्रमच्या शाफ्टवरून सरकवून सील मला दाखवलं. आतलं बेअरिंग गंजून तपकिरी झालं होतं. सीलची कड एका बाजूला दुमडलेली होती, तिच्यावर पांढरा थर नव्हता. ते म्हणाले, “बसवतानाच दुमडलं असणार, फॅक्टरीत.” मी म्हटलं, हे जॉब शीटवर लिहा. ते थोडे घुटमळले, मग लिहिलं: ‘सील दोष, टब असेंब्ली वॉरंटीत बदलली’. ओटीपी मी त्यानंतर दिला, तोही मशीन भरून एक पूर्ण स्पिन चालवून बघितल्यावर.

लेखी उत्तर मात्र कंपनीने अखेरपर्यंत दिलं नाही. नव्या टबाला वेगळी वॉरंटीही मिळाली नाही. मूळ मुदत ठरलेल्या दिवशीच संपली. याबद्दल भांडायला हवं होतं असं आमच्या ह्यांचं मत आहे, पण अटी वाचल्यावर तिथे आपली बाजू कमजोर आहे हे मला दिसत होतं.

तुमच्याकडेही टँकरचं पाणी येत असेल, तर डिस्केलिंग पावडरीची बिलं जपून ठेवा. आणि दुरुस्ती नाकारून कोणी ओटीपी मागितला, तर तो देऊ नका.