तक्त्यातली कोरी चौकट

विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवरचा एक शोधनिबंध सध्या माझ्यासमोर आहे. नियतकालिकाने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे. दोन परीक्षकांचे शेरे आले आहेत आणि सहलेखकांनी आपापली उत्तरं कुणी ईमेलमध्ये, कुणी वर्डच्या फाइलच्या कडेला लिहिली आहेत. त्या सगळ्याचा मुद्देनिहाय तक्ता मला करायचा आहे: एका रकान्यात शेरा, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात निबंधात केलेला बदल. लोक याला कारकुनी समजतात. मला मात्र शेरा खऱ्या अर्थाने वाचून होतो तो इथेच.

दुसऱ्या परीक्षकाचं एक वाक्य घ्या. नमुने कोणत्या ऋतूत घेतले ते कळत नाही, विहिरी थोड्या आहेत आणि नायट्रेटचे आकडे कशाच्या हिशेबात दिलेत तेही सांगावं. सहलेखकांचं उत्तर लांबलचक आणि नम्र आहे. सलग वाचलं तर पुरेसंही वाटतं. परीक्षकाचा शब्दही न बदलता मी ते वाक्य तोडून तीन ओळींत मांडलं, तेव्हा तिसऱ्या ओळीपुढची चौकट कोरी राहिली. आणि नेमकी तीच मागणी सर्वांत गंभीर आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, ती नायट्रेट म्हणून. तेच नायट्रोजन म्हणून मोजलं तर मर्यादा सुमारे १० वर येते. म्हणजे २० हा आकडा एका हिशेबात निर्धोक आणि दुसऱ्यात मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. निबंधाचा निष्कर्षच त्यावर उभा आहे.

विहिरींची संख्या आता वाढवता येणार नाही. त्या ओळीत ‘नवे नमुने घेतलेले नाहीत’ असं सरळ लिहायचं, कारण द्यायचं आणि निष्कर्ष याच विहिरींपुरता आहे असं निबंधातही नमूद करायचं. गोलमोल आभारांपेक्षा परीक्षकाला असा स्पष्ट नकार पटण्याची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. दोघा परीक्षकांच्या मागण्या परस्परविरुद्ध असतील, एकाला चर्चा आखूड हवी आणि दुसऱ्याला विस्तृत, तर दोन्ही ओळींत एकमेकींचा उल्लेख हवा आणि आपण काय निवडलं ते संपादकांच्या पत्रातही हवं.

तिसरा रकाना मी अगदी शेवटी भरते. पद्धतीच्या भागात एक परिच्छेद वाढला की पुढचे सगळे ओळ क्रमांक सरकतात. शिवाय बदल दाखवणाऱ्या प्रतीतले आणि स्वच्छ प्रतीतले क्रमांक जुळत नाहीत. म्हणून क्रमांक कोणत्या प्रतीतले ते तक्त्याच्या डोक्यावर लिहायचं आणि बदललेलं वाक्यही चौकटीत उतरवायचं, म्हणजे परीक्षकाला शोधाशोध करावी लागत नाही.

तुमचा निबंध असा परत आला असेल, तर एकही उत्तर लिहिण्याआधी शेऱ्यांचा तक्ता करून घ्या.