चिमणीची जाळी काळी पडली तेव्हा

खजुरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, फोडणीला तेल मात्र एकच, करडईचं. अत्ती त्याला कुसबी एण्णी म्हणतात. मध्यंतरी प्रत्येक फोडणीला त्यांना ठसका लागू लागला. चिमणी सुरू असूनही धूर घरातच फिरायचा. जाळी काढून पाहिली तर भोकं तपकिरी, चिकट थराने बुजलेली.

मी बादलीत उकळतं पाणी घेतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि जाळी रात्रभर बुडवून ठेवली. बारीक बुडबुडे येऊ लागले, तेव्हा वाटलं, मळ सुटतोय! सकाळी जाळी काळी ठिक्कर. हात लावला की बोटंही काळी. जाळी होती ऍल्युमिनियमची, आणि तो धातू सोड्याने खाल्ला जातो. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. नवी जाळी आणावी लागली, तीही ऍल्युमिनियमचीच.

अत्ती एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळी धुराडं होतं बाई, वर्षाला चुना मारला की झालं."

खरं तर करडईचं तेल हवेत वाळणारं आहे, म्हणून ते रंगात आणि वार्निशातही वापरलं जातं. जाळीवरचा पातळ थर गॅसच्या उष्णतेने आणखी लवकर वाळतो. ताजा असेतो साबणाने निघतो, महिनोन् महिने राहिला की वार्निशच होतो. म्हणून आता दर पंधरा दिवसांनी धुते.

आधी चिमणीचं बटण बंद करून प्लग काढते. टबात जाळी बुडेल इतकं, हाताला सोसणार नाही असं गरम पाणी घेते आणि त्यात भांड्यांचं लिक्विड दोन मोठे चमचे. अर्ध्या तासाने मऊ ब्रशने धुते. तारेची घासणी लावत नाही, जाळी वाकते. पूर्ण वाळल्यावरच बसवते. बहिणीकडे स्टीलच्या पट्ट्यांची जाळी आहे, तिला सोडा चालतो. बाजारचा डिग्रीजर आणायचा तर 'ऍल्युमिनियमला वापरू नये' असं डब्यावर लिहिलंय का, ते आधी वाचावं.

शेगडीमागच्या टाइल्सवर फवारा उडवत बसत नाही, ओघळ थेट बर्नरमध्ये जातात. शेगडी गार झाल्यावर जुना पंचा त्याच गरम पाण्यात पिळून टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवते. थर मऊ पडतो, मग खालून वर पुसायचं. शेजारच्या अक्कांनी बाथरूमचं ऍसिड सुचवलं होतं. त्याने तेलकटपणा जात नाही, उलट फटींतलं सिमेंट मात्र झिजतं.

परवा मिरच्यांचा ठेचा परतला. अत्ती दारातच बसल्या होत्या. ठसका लागला, पण एकदाच.